नव्या फोनवर व्हॉट्सॲपचे चॅट उतरत नाहीत? जुना फोन एक्स्चेंजमध्ये द्यायची घाई करू नका

नवा फोन हातात येतो, व्हॉट्सॲप टाकलं जातं, ओटीपी येतो, आणि मग एक तर ‘बॅकअप सापडला नाही’ असं दिसतं, नाहीतर टक्क्यांचा आकडा एका जागी चिकटून बसतो. घाबरून माणूस तिथे जे काही दाबतो, त्याने बहुतेक वेळा नुकसान होतं. मूळ अडचण तेवढी मोठी नसते. हा लेख जुन्या अँड्रॉइड फोनवरून नव्या अँड्रॉइड फोनवर जाणाऱ्यांसाठी आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांचा प्रवास तोच असतो. मेनूंची नावं स्क्रीनवर इंग्रजीत दिसतात तशीच दिली आहेत. तुमचं ॲप मराठीत असेल तर नावं वेगळी दिसतील, पण क्रम तोच राहील.

तुम्ही आत्ता अडकलेले असाल तर पुढचं वाचण्याआधी तीन गोष्टी करू नका. नव्या फोनवर Skip दाबू नका. जुना फोन रिसेट करू नका आणि कुणाला देऊही नका. चॅट उतरेपर्यंत नव्या फोनवर नवीन बॅकअप घेऊ नका.

तिसरी गोष्ट लोकांना सगळ्यात कमी माहीत असते आणि तीच सगळ्यात महागात पडते. एका नंबरचा एका गूगल अकाउंटमध्ये एकच बॅकअप राहतो. नवा बॅकअप झाला की जुना जातो. तुम्ही Skip करून रिकाम्या व्हॉट्सॲपवर दिवसभर बोललात आणि रात्री ॲपने आपणहून बॅकअप घेतला, तर सहा वर्षांच्या चॅटच्या जागी त्या एका दिवसाचं चॅट जाऊन बसतं. ते परत आणायला कुठलीही कचरापेटी नसते.

दुसऱ्या गोष्टीबद्दल मुंबईकरांना मुद्दाम सांगायला हवं. दिवाळीच्या सेलमध्ये फोन मागवला की डिलिव्हरीवाला दारातच जुना फोन मागतो आणि तो देण्याआधी तुम्हाला रिसेट करावा लागतो. म्हणजे नव्या फोनचं खोकं उघडण्याआधीच जुन्यातलं सगळं पुसलेलं असतं. शक्य असेल तर एक्स्चेंजच्या फंदात पडू नका. चार दिवसांनी फोन वेगळा विका, दोन-पाचशे रुपये कमी आले तरी चालेल. एक्स्चेंजच करायचं असेल तर खाली दिलेली तपासणी डिलिव्हरीच्या आदल्या दिवशी उरकून ठेवा.

बॅकअप नेमका असतो कुठे

दोन ठिकाणी. एक फोनच्या आत: व्हॉट्सॲप रोज रात्री दोनच्या सुमाराला मेसेजची एक प्रत फोनच्याच स्टोरेजमध्ये ठेवतं. ही प्रत न सांगता, आपोआप होते. दुसरा गूगल अकाउंटमध्ये, पण तो तुम्ही चालू केला असेल तरच. फोनमधल्या प्रतीत फक्त मेसेज असतात. फोटो, व्हिडिओ, व्हॉइस नोट शेजारच्या वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. गूगलच्या बॅकअपमध्ये मेसेज आणि मीडिया दोन्ही जातात.

नव्या फोनवर ॲप बॅकअप शोधतं तेव्हा ते दोन गोष्टी जुळवून पाहतं: ज्या नंबरवरून बॅकअप घेतला तोच नंबर, आणि ज्या गूगल अकाउंटमध्ये ठेवला तेच अकाउंट. यातली एक जरी वेगळी असली तरी बॅकअप गूगलकडे धडधाकट असूनही ‘सापडला नाही’ असंच दिसतं. म्हणजे हा संदेश दिसला याचा अर्थ चॅट गेले असा नव्हे. बहुतेक वेळा ॲप चुकीच्या दारावर टकटक करत असतं.

पहिली पायरी: जुन्या फोनवर एक स्क्रीन वाचा

जुना फोन चालू असेल तर तिथे व्हॉट्सॲप उघडा, वरचे तीन ठिपके दाबा आणि Settings, मग Chats, मग Chat backup असे आत जा. या एका स्क्रीनवर हवं ते सगळं असतं. सर्वात वर शेवटच्या बॅकअपची तारीख आणि आकार असतो. खाली Google Account समोर एक ईमेल दिसतो. तो ईमेल कागदावर लिहून घ्या, जसाच्या तसा. आपल्यापैकी अनेकांचे दोन-तीन जीमेल असतात: एक कॉलेजच्या वेळचा, एक ऑफिसचा, आणि एक मोबाइलच्या दुकानदाराने फोन चालू करताना बनवून दिलेला, ज्याचा पासवर्ड त्यालाही आठवत नाही. बॅकअप नेमका त्या तिसऱ्यात निघतो, हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता आधी तोच विचारतो. पासवर्ड आठवत नसेल तर जुना फोन चालू असतानाच तो बदलून घ्या; त्या अकाउंटमध्ये तुम्ही आधीच आत असता, त्यामुळे ओळख पटवणं सोपं जातं.

तारखा मात्र नीट वाचा. तिथे Local आणि गूगलची तारीख वेगवेगळी दिसते. Local समोर आज पहाटेची वेळ आणि गूगलसमोर तीन महिन्यांपूर्वीची तारीख असेल, तर तुमचा गूगलचा बॅकअप तीन महिने अडकलेला आहे आणि तुम्हाला पत्ताच नाही. गूगलसमोर Never असेल तर तो कधी झालेलाच नाही.

जुना फोन बंद पडला असेल तर हीच तपासणी दुसऱ्या फोनवरून होते. गूगल ड्राइव्ह ॲपमध्ये त्या अकाउंटने आत जा, डावीकडच्या वरच्या तीन रेघा दाबा आणि Backups उघडा. तिथे व्हॉट्सॲपचा बॅकअप असेल तर तो नंबर आणि तारखेसह दिसतो. एकापेक्षा जास्त जीमेल असतील तर प्रत्येकात डोकावा. फक्त बघा. त्या बॅकअपवर बोट रोवून आलेल्या मेनूत Delete असतं, त्याच्या वाटेला जाऊ नका.

दोन्ही फोन हातात असतील तर गूगलचा नाद सोडा

माझं स्पष्ट मत आहे की दोन्ही फोन चालू असतील तर बॅकअप घेऊन तो उतरवण्याचा द्राविडी प्राणायाम करूच नये. २०२३ पासून व्हॉट्सॲपमध्ये थेट हस्तांतराची सोय आहे. चॅट एका फोनमधून दुसऱ्यात वाय-फायने थेट जातात. त्यात इंटरनेटचा डेटा लागत नाही आणि गूगलच्या जागेचाही प्रश्न येत नाही.

दोन्ही फोन चार्जरला लावा, शेजारी ठेवा, वाय-फाय आणि लोकेशन चालू करा. जुन्या फोनवर Settings, Chats, Transfer chats असे जाऊन Start दाबा, कॅमेरा उघडेल. नव्या फोनवर व्हॉट्सॲप टाका, तोच नंबर घाला, ओटीपी द्या. पुढे जुन्या फोनवरून चॅट आणायचे का असं विचारतं, तिथे Start दाबा आणि ज्या परवानग्या मागेल त्या द्या. नव्या फोनवर क्यूआर कोड येतो, तो जुन्या फोनने स्कॅन करा. मग हात लावू नका. मध्येच कुणाचा फोन उचलायला ॲप बदललं की हे हस्तांतर तुटू शकतं, म्हणून हे रात्री जेवणं झाल्यावर करावं. सिम नव्या फोनमध्ये असलं तरी चालतं. जुन्याला इथे फक्त वाय-फाय लागतं.

जोडणी होतच नसेल तर दोन्हीकडचं ब्लूटूथ आणि वाय-फाय एकदा बंद करून पुन्हा चालू करा, हॉटस्पॉट आणि व्हीपीएन चालू असेल तर बंद करा, दोन्ही फोनवर प्ले स्टोअरमधून व्हॉट्सॲप अपडेट करा. तरी जमलं नाही, तर गूगलच्या वाटेने चला.

दुसरी पायरी: जुन्या फोनवरचा बॅकअप का अडकतो

इथे एक खरं उदाहरण पाहू, कारण यात सगळी कारणं एकापाठोपाठ आली होती. गिरगावात राहणाऱ्या एका काकूंचा ६४ जीबीचा जुना फोन होता. भिशीचा ग्रुप, सोसायटीचा ग्रुप, भजनी मंडळ, आणि गणपतीतले आरतीचे व्हिडिओ. नवा फोन मुलाने आणून दिला. जुन्या फोनवर गूगल बॅकअपची तारीख मार्चमधली होती, आणि तेव्हा ऑगस्ट चालू होता.

पहिलं कारण जागा. गूगल अकाउंटला १५ जीबी फुकट मिळतात, पण त्यात जीमेल, ड्राइव्ह आणि गूगल फोटोज सगळे वाटेकरी असतात. आधी अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपचा बॅकअप या हिशोबात धरला जात नसे. २०२४ सालापासून तो धरला जाऊ लागला. ज्यांचा बॅकअप वर्षानुवर्षं बिनबोभाट होत होता, त्यांचा अचानक थांबण्यामागे बहुतेकदा हेच असतं. काकूंच्या अकाउंटमध्ये फोटोंनी ९ जीबी आणि मेलने २ जीबीच्या वर जागा घेतली होती. उरले होते साधारण पावणेचार जीबी, आणि बॅकअप होता ६.८ जीबीचा. तो होणार कुठून?

उपाय तीन आहेत आणि माझा क्रमही हाच. Chat backup स्क्रीनवर Include videos नावाचं बटण असतं, ते बंद करा. काकूंचा बॅकअप एवढ्यानेच ६.८ वरून २.३ जीबीवर आला, कारण साडेचार जीबी निव्वळ व्हिडिओ होते, त्यातले निम्मे सुप्रभातवाले. व्हिडिओ यामुळे फोनमधून जात नाहीत. ते जुन्या फोनवर राहतात, हवे ते केबलने कॉम्प्युटरवर काढून घेता येतात. दुसरा उपाय म्हणजे Settings मधल्या Storage and data, मग Manage storage मध्ये जाऊन मोठ्या फायली पुसणं. तिसरा, गूगलमधली जागा मोकळी करणं. यात एक मेख आहे: फोटो किंवा मेल पुसले की ते Bin मध्ये जातात आणि तिथेही जागा खातच राहतात. Bin रिकामी केल्याशिवाय आकडा हलत नाही. हे सगळं नको असेल तर एका महिन्यापुरती गूगलची सशुल्क जागा घ्या आणि काम झालं की वर्गणी बंद करा. फक्त त्यानंतर बॅकअप पुन्हा १५ जीबीत बसवावा लागेल हे धरून चाला.

दुसरं कारण डेटा. काकूंच्या घरी ब्रॉडबँड नव्हतं. मुलाने आपल्या फोनचा हॉटस्पॉट दिला आणि बॅकअप सुरू झाला. ८० टक्क्यांच्या पुढे गेला आणि थांबला. तासभर झाला तरी आकडा तोच. मुलाचा प्लॅन दिवसाला २ जीबीचा. ते २ जीबी संपले की कंपनी इंटरनेट तोडत नाही, वेग उतरवते, आणि अशा बऱ्याच प्लॅनमध्ये तो ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगाने १ जीबी चढवायला दीड दिवसाच्या आसपास लागतो. बॅकअप अडकलेला नव्हता, गोगलगायीसारखा सरपटत होता. आकडा थांबला की आधी दिवसाचा डेटा किती उरलाय ते पाहा. दिवसाचा कोटा बहुधा मध्यरात्री नव्याने मिळतो, म्हणून बॅकअप दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा सुरू करा. चढलेला मीडिया पुन्हा पहिल्यापासून चढवावा लागत नाही, उरलेलाच जातो.

ब्रॉडबँड असेल तरी हिशोब करून ठेवा. जाहिरातीतला वेग उतरवण्याचा असतो. बॅकअपला चढवण्याचा वेग लागतो आणि तो काही जोडण्यांवर कमी असतो. चढवण्याचा वेग ५ एमबीपीएस धरला तर २.३ जीबीला तासभर तरी लागतो. तासाभरात संपेल अशी अपेक्षा ठेवून बसलेला माणूस विसाव्या मिनिटाला ‘हँग झालं’ म्हणून फोन बंद करत नाही.

तिसरं कारण फोनची स्वतःची काटकसर. अनेक कंपन्यांचे फोन बॅटरी वाचवायला मागे चाललेली ॲप बंद करतात. स्क्रीन विझली की बॅकअपही थांबतो, आणि तुम्हाला वाटतं रात्रभर चालू होता. फोनच्या सेटिंगमध्ये Apps मध्ये व्हॉट्सॲप शोधा आणि बॅटरीच्या विभागात त्यावरचं बंधन काढा. Google Play services चंही तेच पाहा, कारण गूगलकडचं काम त्याच्यामार्फत होतं. बॅटरी सेव्हर आणि डेटा सेव्हर तेवढ्यापुरते बंद ठेवा. Waiting for Wi-Fi असं दिसत असेल तर मात्र हे काही नाही. Back up using cellular बंद आहे म्हणून ॲप वाय-फायची वाट बघतंय.

शेवटी फोनच्या आतली जागा. गूगलकडे पाठवण्याआधी ॲप फोनमध्येच मेसेजची नवी प्रत बनवतं. फोन काठोकाठ भरलेला असेल तर ही प्रतच बनत नाही आणि बॅकअप शून्यावरच पडतो. दोन-तीन जीबी मोकळे करा आणि पुन्हा Back up दाबा.

तिसरी पायरी: नव्या फोनवर क्रम महत्त्वाचा

बॅकअपची ताजी तारीख दिसली की मगच नव्या फोनला हात लावा. आधी फोनच्या Settings मधल्या अकाउंटच्या विभागात तुम्ही कागदावर लिहिलेलं जीमेल जोडा. व्हॉट्सॲप त्यानंतर. ॲप प्ले स्टोअरमधूनच घ्या आणि ताजं घ्या. जुन्या आवृत्तीला नव्या आवृत्तीने बनवलेला बॅकअप वाचता येईलच असं नाही. दुकानदाराने दुसऱ्या फोनवरून पाठवून टाकलेलं व्हॉट्सॲप असेल तर ते काढून टाका. जुन्या फोनवर व्हॉट्सॲप बिझनेस असेल तर नव्यावरही बिझनेसच हवं. दादरच्या बाजारात दुकान असलेल्यांची ही अडचण नेहमीची: दुकानाचं चॅट बिझनेसमधलं, आणि उतरवायला बसतात साध्या व्हॉट्सॲपमध्ये. तसं उतरत नाही.

मोबाइल डेटा बंद करून वाय-फायवर या. नंबर घाला, ओटीपी द्या. यानंतर तुमचा दोन-टप्प्यांचा सहा आकडी पिन लावलेला असेल तर तो विचारतं. इथे लोक तीन वेगळे आकडे एकमेकांत मिसळतात. ओटीपी दर वेळी नवा येतो. पिन तुम्ही स्वतः ठरवलेला असतो आणि तो खात्यासाठी असतो. बॅकअपचा पासवर्ड असेल तर तो तिसराच. कुठला मागतंय ते स्क्रीनवर वाचल्याशिवाय अंदाजाने आकडे टाकू नका. पिन विसरलात आणि ईमेल जोडलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. ओटीपी परत परत मागवला तरी थांबण्याची वेळ वाढत जाते.

मग बॅकअपची स्क्रीन येते: तारीख, आकार आणि Restore. तारीख तपासा, दाबा. आधी मेसेज उतरतात, हे काम त्या मानाने लवकर होतं. त्यानंतर Next दाबून नाव टाकलं की ॲप उघडतं, आणि फोटो मागाहून उतरत राहतात. चॅट उघडल्यावर धुरकट चौकोन दिसले तर फोटो गेले असं समजू नका. वाय-फायवर फोन चार्जिंगला लावून रात्रभर राहू द्या.

‘बॅकअप सापडला नाही’ असं आलं तर

त्याच स्क्रीनवर थांबा, पुढे जाऊ नका. बॅक येऊन ॲप बंद करा आणि ओळीने पाहा. फोनमध्ये बरोबर जीमेल जोडलंय का? व्हॉट्सॲपने अकाउंटची परवानगी मागितली तेव्हा दुसरं जीमेल निवडलं नाही ना? बॅकअप जुन्या नंबरचा आणि तुम्ही आत्ता नवा नंबर तर टाकला नाही ना? नंबर बदलायचाच असेल तर तो आधी जुन्या फोनवर Settings, Account, Change number मधून बदला, मग ताजा बॅकअप घ्या आणि मगच फोन बदला. Google Play services अपडेट आहे का? फोनची तारीख-वेळ आपोआप येणारी ठेवली आहे का? हे झालं की ॲप अनइन्स्टॉल करून पुन्हा टाका. बॅकअप शोधण्याचं काम फक्त नोंदणीच्या वेळी होतं. नंतर आत जाऊन ‘आता उतरव’ म्हणायला बटण नाही.

आणि Skip आधीच दाबून झालं असेल तर? आधी नव्या फोनवर Chat backup मध्ये जाऊन गूगलचा आपोआप होणारा बॅकअप बंद करा. मग ड्राइव्हमध्ये तारीख पाहा. बॅकअप अजून जुन्याच तारखेचा असेल तर चिंता नको: ॲप काढा, पुन्हा टाका, या वेळी Restore दाबा. मधल्या दिवसांतले नव्या फोनवरचे मेसेज यात जातील, त्यातलं महत्त्वाचं एखादं चॅट आधी Export chat ने स्वतःला मेल करून ठेवा.

ड्राइव्हमधला बॅकअप पुसला गेला असेल पण जुना फोन घरात असेल, तरीही वाट आहे. नव्या फोनवर नोंदणी झाली की जुना फोन फक्त बाहेर पडतो, त्याच्यातले चॅट तिथेच असतात. तिथे पुन्हा तोच नंबर आणि ओटीपी द्या, चॅट समोर येतात. मग नव्या फोनवरचं ॲप काढून थेट हस्तांतर करा. जुना फोन घाईत देऊ नका म्हणतो ते यासाठीच.

उतरवणं मध्येच अडकलं तर

मेसेज उतरताना एकाच टक्क्यावर थांबलं तर पहिला संशय नव्या फोनच्या जागेवर घ्या. नवा फोन रिकामाच असणार असं वाटतं, पण दुकानात जुन्या फोनचे सगळे फोटो आणि ॲप आधीच ओतलेली असतात. बॅकअपच्या आकाराच्या दुप्पट जागा मोकळी असावी, हा माझा ठोकताळा. दुसरा संशय वाय-फायवर. पाहुण्याच्या घरचं किंवा कॉफीच्या दुकानातलं वाय-फाय मोठ्या फायलीत तुटतं. लोकलमध्ये बसून तर हे करूच नये. नेटवर्क सारखं बदलत राहतं आणि काम मध्येच तुटतं. अर्धा तास आकडा हललाच नाही तर ॲप बंद करून पुन्हा उघडा. तेही नाही झालं तर फोन रिस्टार्ट करा, ॲप काढा आणि पुन्हा टाका. उतरवल्याने गूगलकडची मूळ प्रत जात नाही, त्यामुळे पुन्हा प्रयत्न करायला भीती नाही.

शेवटची वाट: फोनमधली प्रत हाताने नेणं

गूगलचा बॅकअप नाहीच, हस्तांतर जमत नाही, पण जुना फोन उघडतो, अशा वेळी हे करा. यूएसबी केबलने तो कॉम्प्युटरला जोडा, फाइल ट्रान्सफर निवडा आणि हा फोल्डर शोधा:

```
Android/media/com.whatsapp/WhatsApp
```

आत Databases मध्ये मेसेज आहेत आणि Media मध्ये फोटो. संपूर्ण WhatsApp फोल्डर कॉम्प्युटरवर कॉपी करा. हलवू नका, कॉपीच करा. फार जुन्या फोनवर तो स्टोरेजच्या मुळाशीच WhatsApp नावाने असतो. मग नवा फोन जोडा, तिथलं व्हॉट्सॲप आधी काढून टाका, आणि त्याच वाटेवर फोल्डर नसतील तर बनवून हा फोल्डर ठेवा. आता ॲप टाका, नंबर द्या. गूगल अकाउंटची परवानगी मागितली तर इथे नाकारा, म्हणजे ते फोनमधली प्रत शोधेल. फायली आणि मीडियाची परवानगी मात्र द्या, नाहीतर समोर असलेली फाइलही त्याला दिसत नाही.

Databases मध्ये अशा फायली दिसतील:

```
msgstore.db.crypt14
msgstore-2025-08-20.1.db.crypt14
```

पहिली ताजी, तारीखवाल्या गेल्या काही दिवसांच्या. साधारण आठवडाभराच्याच ठेवल्या जातात. ताजी उतरत नसेल किंवा बिघडलेली असेल, तर तिचं नाव बदलून बाजूला ठेवा आणि तारीखवालीतला तारखेचा आणि .1 चा भाग काढून तिला पहिलीचं नाव द्या. शेवटचा crypt14 किंवा crypt15 जे असेल ते तसंच राहू द्या. ही फाइल कुलूपबंद असते आणि किल्ली तुमच्या नंबरशी बांधलेली असते, म्हणून नंबर इथेही तोच लागतो. ‘कुठल्याही फोनचे चॅट काढून देतो’ म्हणणाऱ्या दुकानदाराला किंवा सॉफ्टवेअरला पैसे देण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

एका ठिकाणी मात्र हात टेकावे लागतात. २०२१ पासून बॅकअपला स्वतःचा पासवर्ड किंवा ६४ आकडी किल्ली लावता येते, Chat backup मध्ये End-to-end encrypted backup या नावाने. हे चालू असेल, पासवर्ड विसरलात आणि जुना फोनही गेला, तर तो बॅकअप व्हॉट्सॲप किंवा गूगल कुणालाच उघडता येत नाही. अंदाजाने पासवर्ड टाकत बसू नका, कारण प्रयत्नांना मर्यादा आहे. जुना फोन चालू असेल तर त्याच मेनूत जाऊन, फोनच्या कुलपाने ओळख पटवून पासवर्ड बदला किंवा ही सोय बंद करा, आणि ताजा बॅकअप घ्या.

जुना फोन देण्याआधी

नव्या फोनवर सगळ्यात जुन्या चॅटमध्ये वर-वर जाऊन पाहा. दोन-चार व्हॉइस नोट वाजवून बघा, एखादा जुना फोटो उघडा, Starred messages मध्ये तुमचे तारांकित मेसेज आहेत का पाहा. सगळं उतरलंय याची खात्री झाली की नव्या फोनवर गूगल बॅकअप चालू करून एकदा हाताने Back up दाबा आणि तारीख बदलली का ते पाहा. मग जुन्या फोनमधून गूगल अकाउंट काढा, आणि त्यानंतरच रिसेट करा. अकाउंट न काढता थेट रिकव्हरीतून रिसेट केलेला फोन पुढच्या माणसाकडे गेला की तुमचा जीमेल पासवर्ड मागत बसतो, आणि तो तुम्हाला फोन करत राहतो.